सत्तावीस ओळी आणि एक नियम: लॉगिन पेजचा इंटरव्ह्यू

टेस्टरच्या नोकरीसाठी दिलेल्या माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत समोरच्या सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, “लॉगिन पेजच्या टेस्ट केसेस लिहा. वीस मिनिटं घ्या.” हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि यादी पाठ होती. मी २७ ओळी लिहिल्या. ईमेल बरोबर आणि पासवर्ड बरोबर, ईमेल बरोबर आणि पासवर्ड चूक, दोन्ही रिकामे, पासवर्ड ठिपक्यांत दिसतो का, बटणाचा रंग, लोगो जागेवर आहे का, ‘पासवर्ड विसरलात?’ची लिंक उघडते का, पेज किती सेकंदांत येतं, असं सगळं.

सरांनी कागद वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, “चुकीचा पासवर्ड टाकल्यावर एरर आला पाहिजे.”

“नेमकं काय दिसलं पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“पासवर्ड चुकीचा आहे, असा मेसेज,” मी म्हणाले.

“म्हणजे ईमेल बरोबर आहे, तो इथे नोंदलेला आहे, हे कुणालाही कळलं. चालेल?”

मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी विषय बदलला. “समजा, पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की खातं लॉक होतं. हे कसं तपासाल?”

“पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकीन आणि खातं लॉक झालंय का ते बघेन.”

“झालंय हे कशावरून कळेल?”

इथे मी थांबले. ती नोकरी मला मिळाली नाही. पण तो शेवटचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि पुढे काम करताना त्याचं उत्तर तुकड्यातुकड्यांनी सापडत गेलं. आता काही वर्षं मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसते आणि मीही तोच प्रश्न विचारते. बहुतेक उमेदवार माझ्यासारखीच यादी घेऊन येतात. यादी चुकीची नसते, पण ती कुठल्याही लॉगिन पेजला लागू पडते. त्यामुळे समोरच्या माणसाला तुमची विचार करण्याची पद्धत त्यातून दिसत नाही. म्हणून इथे मी लॉक होण्याचा तो एकच नियम घेऊन शेवटपर्यंत जाणार आहे. इंटरव्ह्यूत असा एक नियम नीट सोलून दाखवता आला, तर बाकीच्या ओळी कमी असल्या तरी चालतं.

पेन उचलण्याआधी प्रश्न विचारायचे. मात्र प्रश्न विचारायचे म्हणून विचारू नका. ज्याच्या उत्तराने तुमची एखादी टेस्ट केस बदलेल, तेवढंच विचारा. “पेजचा रंग कोणता?” याच्या उत्तराने काही बदलत नाही. “खातं पाचव्या चुकीला लॉक होतं, की पाच चुका माफ आणि सहाव्या चुकीला लॉक?” याच्या उत्तराने सगळं बदलतं, कारण ‘पाच प्रयत्नांनंतर लॉक’ या वाक्याचे हे दोन्ही अर्थ निघतात. प्रत्यक्ष कामातही याच वाक्यावर डेव्हलपरने एक अर्थ घेतलेला असतो आणि टेस्टरने दुसरा. समोरून “तुम्हीच गृहीत धरा” असं उत्तर आलं, तर कागदाच्या वरच्या बाजूला गृहीतकं लिहून ठेवायची. मी अशी लिहीन: ईमेल आणि पासवर्डने लॉगिन. सलग पाचव्या चुकीला खातं लॉक. लॉक १५ मिनिटांचं. बरोबर लॉगिन झालं की चुकांची मोजणी शून्यावर. ईमेलमधल्या कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक नाही. ईमेल चुको, पासवर्ड चुको किंवा खातं लॉक असो, मेसेज एकच: “ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे.”

हे शेवटचं गृहीतक सरांच्या पहिल्या प्रश्नातून आलं आहे. ‘असा ईमेल आमच्याकडे नाही’ आणि ‘पासवर्ड चुकला’ असे दोन वेगळे मेसेज दिले, तर हजारो ईमेल एकामागून एक टाकून त्यातले नोंदलेले कोणते हे वेगळं काढता येतं. म्हणून मेसेज एकच ठेवतात. पण त्यामुळे टेस्टरचं काम अवघड होतं.

पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला. मेसेज आला: “ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे.” आता सहाव्यांदा चुकीचा टाकला. मेसेज तोच. लॉक झालं असेल तरी तोच आणि झालं नसेल तरी तोच. चुकीचे पासवर्ड कितीही टाकले, तरी या दोन स्थितींतला फरक स्क्रीनवर दिसणारच नाही. तो दिसण्याचा मार्ग एकच आहे: बरोबर पासवर्ड टाकायचा. खातं उघडं असेल तर आत जाल, लॉक असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जाईल. “झालंय हे कशावरून कळेल?” याचं उत्तर हे होतं.

यावरून दोन टेस्ट केसेस जोडीने निघतात. चार वेळा चूक आणि मग बरोबर, तर लॉगिन झालं पाहिजे. पाच वेळा चूक आणि मग बरोबर, तर लॉगिन होता कामा नये. पुस्तकात याला बाउंडरी व्हॅल्यू म्हणतात. इंटरव्ह्यूत हा शब्द वापरायला हरकत नाही, पण जोडी आधी मांडा आणि नाव नंतर घ्या. कोडमध्ये `>=` च्या जागी `>` पडलं असेल, तर ही जोडी ते लगेच पकडते: पाच चुकांनंतरही बरोबर पासवर्डने आत जाता येतं. ‘तीन चुका’, ‘दहा चुका’ अशा आणखी ओळी लिहून काही हाती लागत नाही. चूक झाली तर ती सीमेवर होते.

जिथे मेसेज वेगळा ठेवतात, म्हणजे लॉक झाल्यावर “खातं १५ मिनिटांसाठी बंद आहे” असं सांगतात, तिथे तपासणं सोपं होतं. पण मग नोंदलेला नसलेला ईमेल पाच वेळा टाकून पाहायचा. त्यालाही हाच मेसेज आला पाहिजे. फक्त नोंदलेल्या ईमेललाच लॉकचा मेसेज येत असेल, तर कोण नोंदलेलं आहे ते पुन्हा बाहेर फुटलं, फक्त पाच पावलं जास्त लागली.

आता मोजणीकडे वळू. सलग पाच चुका मोजायच्या तर सर्व्हरला कुठेतरी आकडा ठेवावा लागतो. हा आकडा कधी वाढतो, कधी शून्य होतो आणि कुणाच्या नावावर लिहिला जातो, असे तीन प्रश्न स्वतःला विचारले की केसेस आपोआप सुचत जातात. मी उमेदवारांना कागदावर गोल काढायला सांगते: ०, १, २, ३, ४, लॉक. मग प्रत्येक गोलातून कुठे बाण जातो ते काढायचं. चुकीच्या पासवर्डचा बाण पुढच्या गोलाकडे, बरोबर पासवर्डचा परत शून्याकडे, आणि लॉकमधून वेळ संपल्यावर शून्याकडे. ज्या बाणापाशी तुम्ही अडखळता, तिथे विचारायचा प्रश्न किंवा लिहायची केस असते.

आकडा कधी वाढतो? पासवर्डची चौकट रिकामी ठेवून बटण दाबलं, तर तो प्रयत्न मोजायचा का? माझ्या मते नाही, पण हे विचारून घ्यायचं. चुकीचा पासवर्ड टाकून बटणावर पटकन दोनदा क्लिक केलं तर? बटण पहिल्या क्लिकला बंद होत नसेल, तर सर्व्हरकडे दोन विनंत्या जातात आणि एका चुकीचे दोन प्रयत्न मोजले जातात. डबल क्लिक करायची सवय असलेल्या माणसाचं खातं मग तिसऱ्याच प्रयत्नाला लॉक होतं, आणि तक्रार येते ती “तीनदाच चुकलो तरी खातं बंद झालं” अशी. हे स्क्रीनवरून ओळखणं कठीण आहे. टेस्टच्या डेटाबेसमध्ये डोकावायची परवानगी असेल, तर एका ओळीत कळतं:

```
SELECT failed_attempts, locked_until
FROM users
WHERE email = 'asha@example.com';
```

कॉलमची नावं प्रत्येक ठिकाणी वेगळी असतील. पण “प्रत्येक प्रयत्नानंतर मी हा आकडा डेटाबेसमध्ये बघेन” असं म्हणणारा उमेदवार लक्षात राहतो, कारण तो स्क्रीनच्या मागेही बघतोय हे त्यातून कळतं.

आकडा शून्य कधी होतो? चार वेळा चुकायचं, पाचव्यांदा बरोबर टाकून आत जायचं, लॉगआउट करायचं आणि पुन्हा एकदा चुकायचं. त्यानंतर बरोबर पासवर्डने आत जाता आलं पाहिजे. बरोबर लॉगिननंतर आकडा शून्य करायला कुणी विसरलं असेल, तर ती एक चूक पाचवी धरली जाईल आणि खातं लॉक होईल. लॉकची वेळ संपल्यानंतरही हेच. वेळ संपली पण आकडा पाचवरच राहिला, तर पुढची पहिलीच चूक खातं पुन्हा लॉक करते. म्हणून ‘१५ मिनिटांनंतर बरोबर पासवर्डने लॉगिन होतं’ एवढ्यावर थांबू नका. १५ मिनिटांनंतर चारदा चूक आणि मग बरोबर, ही केस लिहा.

वेळेलाही सीमा असतेच: १५ मिनिटांना काही सेकंद कमी असताना बरोबर पासवर्ड नाकारला पाहिजे, १५ मिनिटांना काही सेकंद जास्त झाल्यावर स्वीकारला पाहिजे. यावर मी उमेदवाराला हमखास विचारते, “दर वेळी १५ मिनिटं थांबणार का?” चांगलं उत्तर असं की टेस्टच्या सर्व्हरवर ही वेळ सेटिंगमधून एक मिनिटावर आणायला सांगीन, आणि खऱ्या १५ मिनिटांची तपासणी एकदा करीन. काही जण म्हणतात, “माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करीन.” तीही एक केस आहे, पण तिचा अपेक्षित निकाल उलटा आहे. आपल्या घड्याळाने काहीही फरक पडता कामा नये. फरक पडला, तर तो मोठा बग आहे. आणखी एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: लॉक असताना कुणी चुकीचे पासवर्ड टाकत राहिलं, तर १५ मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात का? दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर असतात. पहिल्यापासून सुरू होत असतील, तर तुमचा फक्त ईमेल माहीत असलेला माणूस तुम्हाला कायम बाहेर ठेवू शकतो. हे टेस्टरने ठरवायचं नाही, पण बोलून दाखवायचं.

तिसरा प्रश्न माझा सगळ्यात आवडता: आकडा कुणाच्या नावावर? नियम खात्याचा आहे, म्हणजे मोजणीही खात्यावरच हवी. एका ब्राउझरमध्ये तीनदा चुका, दुसऱ्या ब्राउझरमध्ये दोनदा चुका, मग बरोबर पासवर्ड टाका. नाकारला पाहिजे. मोजणी ब्राउझरच्या कुकीत किंवा सेशनमध्ये ठेवली असेल, तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये ती शून्यापासून सुरू होते. मग कुकी पुसत राहणाऱ्याला मोकळं रान मिळतं.

याच्याही पुढची एक पायरी आहे, आणि ती मला कामावर असताना सापडली. लॉगिनसाठी ईमेल सगळा स्मॉल अक्षरांत करून तपासला जात होता. त्यामुळे Asha@example.com आणि asha@example.com दोन्हींनी एकाच खात्यात जाता येत होतं, आणि ते बरोबरच होतं. पण चुकांचा आकडा मात्र टाइप केलेल्या ईमेलवर, जसाच्या तसा, ठेवला जात होता. चारदा asha@ ने चुकायचं, मग चारदा Asha@ ने, मग चारदा aSha@ ने. खातं एक, आकडे तीन, आणि लॉक कधीच नाही. ईमेलच्या शेवटी एक स्पेस टाकली तरी तेच. दोन माणसांनी लिहिलेले दोन भाग वेगवेगळे बरोबर होते, पण एकमेकांशी जुळत नव्हते. वेगवेगळ्या तपासण्यांतून ते दिसलं नसतं. ‘ईमेलमध्ये कॅपिटल अक्षरं चालतात का’ ही माझ्या जुन्या २७ ओळींतलीही एक ओळ होती आणि ‘पाच वेळा चुकल्यावर लॉक’ ही दुसरी. दोन्ही पास झाल्या असत्या. बग त्या दोन ओळींच्या मध्ये होता.

ही केस पूर्ण लिहायची झाली तर अशी लिहीन. इंटरव्ह्यूत सगळ्याच केसेस अशा लिहायला वेळ नसतो. एक किंवा दोनच पूर्ण लिहा, बाकीच्या एका ओळीत.

पूर्वअट: asha@example.com हे खातं नोंदलेलं आणि चालू आहे, चुकांचा आकडा ०.
पायरी १: asha@example.com आणि चुकीचा पासवर्ड, ३ वेळा.
पायरी २: ASHA@example.com आणि चुकीचा पासवर्ड, २ वेळा.
पायरी ३: asha@example.com आणि बरोबर पासवर्ड, १ वेळा.
अपेक्षित निकाल: पायरी १ आणि २ मध्ये प्रत्येक वेळी “ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे”. पायरी ३ मध्येही तोच मेसेज, लॉगिन होत नाही.

पूर्वअटीत ‘आकडा ०’ लिहिलं आहे, ते विसरू नका. आधीच्या केसमधून दोन चुका शिल्लक राहिल्या असतील, तर ही केस चुकीच्या कारणाने पास होईल.

लॉकच्या नियमावर एवढं झालं. आता पासवर्डच्या लांबीबद्दल, कारण इथे जवळजवळ प्रत्येक नवा उमेदवार एकच चूक करतो. तो म्हणतो, “पासवर्ड ८ ते ६४ अक्षरांचा. मग ७, ८, ६४ आणि ६५ तपासीन.” आकडे बरोबर निवडले, पण पेज चुकीचं. ही सीमा पासवर्ड ठरवण्याच्या पेजची आहे. लॉगिन पेजचं काम एवढंच की टाकलेला पासवर्ड साठवलेल्याशी जुळतो का ते पाहणं. लॉगिन पेजच ‘किमान ८ अक्षरं हवीत’ म्हणून अडवू लागलं, तर हा नियम येण्याआधी ज्यांनी ६ अक्षरी पासवर्ड ठेवला होता ते सगळे बाहेर राहतील. म्हणून लॉगिन पेजवरची केस अशी: नियम बदलण्याआधीच्या ६ अक्षरी पासवर्डने लॉगिन होतं का?

वरच्या टोकाला नोंदणीच्या पेजवर ६४ अक्षरं चालतात आणि लॉगिनच्या चौकटीला `maxlength="32"` लावलेलं असतं, असंही होतं. पासवर्ड मॅनेजरमधून ६४ अक्षरं पेस्ट केली की चौकट ३२ वर कापते. ठिपक्यांमुळे ते दिसत नाही आणि माणसाला सांगितलं जातं की पासवर्ड चुकला. तेव्हा ६४ अक्षरांच्या पासवर्डने नोंदणी करून तोच पेस्ट करून लॉगिन करायचं. आणि पेस्ट करता येतंय का हेही याच केसमध्ये कळतं. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत निदान ६४ अक्षरं चालू द्यावीत आणि पेस्ट करू द्यावं असं स्पष्ट म्हटलेलं आहे, त्यामुळे ‘सुरक्षिततेसाठी पेस्ट बंद केलं’ या उत्तरावर बोलायला तुमच्याकडे आधार असतो.

इथे देवनागरीतून टाइप करणाऱ्यांसाठी एक खास केस आहे. पासवर्ड साठवताना बऱ्याच ठिकाणी बीक्रिप्ट नावाची पद्धत वापरतात. ती पासवर्डचे पहिले ७२ बाइट्सच विचारात घेते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, म्हणून ६४ अक्षरांची मर्यादा असेल तर ७२ पर्यंत कुणी पोचतच नाही आणि सगळं ठीक दिसतं. देवनागरीतला प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचा असतो. ७२ भागिले ३ म्हणजे २४. पंचविसाव्या वर्णापासून पुढचं काहीही तपासलं जात नाही. ‘क’ २४ वेळा आणि शेवटी ‘ख’ असा पासवर्ड ठेवायचा आणि लॉगिन करताना शेवटी ‘ग’ टाकायचा. आत गेलात, तर बग सापडला. ‘कि’ लिहिलंत तर तो क आणि वेलांटी मिळून दोन वर्ण, सहा बाइट्स, म्हणून मोजणी सोपी राहावी यासाठी मी सुटं अक्षर वापरते. काही ठिकाणी ७२ पेक्षा लांब पासवर्ड कापण्याऐवजी एरर येतो, काही ठिकाणी आधी दुसऱ्या पद्धतीने तो लहान केलेला असतो, म्हणून ही केस सगळीकडे फेल होणार नाही. पण देवनागरी पासवर्ड चालतो का, हा प्रश्न मी इंटरव्ह्यूत ऐकला तर पुढे सरकून बसते.

एसक्यूएल इंजेक्शनचं नाव सगळे घेतात. नाव घेतलंत की पुढचा प्रश्न “चौकटीत नेमकं काय टाइप कराल?” असा येणार, हे धरून चला.

```
' OR '1'='1' -- 
```

हे ईमेलच्या चौकटीत टाकलं आणि सर्व्हरने ते जसंच्या तसं डेटाबेसच्या क्वेरीत जोडलं, तर अट नेहमीच खरी ठरते आणि पासवर्डची तपासणी पुढच्या दोन रेघांमुळे गळून पडते. ब्राउझर ईमेलच्या आकाराचं नाही म्हणून अडवेल, तेव्हा तेच सर्व्हरकडे थेट पाठवून पाहायचं, कारण ब्राउझरमधली तपासणी ही सोय आहे, कुलूप नाही. अपेक्षित निकाल इथेही नेमका: नेहमीचाच मेसेज, डेटाबेसचा कुठलाही एरर स्क्रीनवर नाही. लॉगआउटनंतर बॅक बटण दाबून आतली माहिती दिसते का, ही केसही सांगा, आणि पेज नुसतं दिसतंय की रिफ्रेश केल्यावरही टिकतंय, हा फरक सांगा. नुसतं दिसत असेल तर ती बहुधा ब्राउझरने जपलेली प्रत असते, रिफ्रेशनंतरही टिकलं तर सेशन मेलेलंच नाही.

कधीकधी लॉगिन पेजऐवजी टेबलावरचं पेन उचलून विचारतात, “याच्या टेस्ट केसेस सांगा.” पाठ केलेली यादी इथे चालत नाही, म्हणूनच विचारतात. ‘निळं लिहितं का, हातातून पडलं तर फुटतं का’ अशी सुरुवात करण्याऐवजी आधी पेन हातात घ्या आणि लॉगिनसारखंच विचारा: हे कुणासाठी आहे आणि काय करण्याचं वचन देतं? बटण दाबून टोक बाहेर काढायचं पेन असेल, तर त्यालाही स्थिती असतात: टोक आत, टोक बाहेर. बाण दोन. मग अडखळायच्या जागा बघा: बटण अर्धंच दाबून सोडलं तर टोक कुठे थांबतं? टोक बाहेर असताना कागदावर जोराने दाबलं तर ते आपोआप आत जातं का? टोक बाहेर असताना पेन खिशाला लावता येतं का, आणि येत असेल तर कापडावर शाई लागते? हे शेवटचं म्हणजे लॉकच्या केससारखंच आहे, एक स्थिती आणि तिच्यात न व्हायला हवी अशी कृती.

आणि पेनला टोपण असेल, तर त्याच्या टोकाला भोक आहे का ते बघा. लहान मुलाने टोपण गिळलं आणि ते श्वासनलिकेत अडकलं, तर हवा जायला वाट राहावी यासाठी ते असतं. मुलं वापरतील अशा पेनच्या टोपणांसाठी आयएसओ ११५४० हे मानकच आहे. पेन वापरणाऱ्याला कितीही प्रश्न विचारले तरी ही अट तो सांगणार नाही. “काही गरजा वापरणाऱ्याकडून कळत नाहीत, कायदा आणि मानकांतून कळतात, म्हणून मी त्याही मागीन” हे वाक्य टोपण दाखवून बोललात, तर पेनचा प्रश्न तिथेच संपतो.

मी शेवटी एक प्रश्न राखून ठेवते. “दहा मिनिटांत सॉफ्टवेअर लोकांसमोर जाणार आहे. तुमच्या केसेसपैकी तीनच चालवता येतील. कुठल्या?” माझं उत्तर असं आहे. पहिली: बरोबर ईमेल, बरोबर पासवर्ड, लॉगिन झालं पाहिजे, कारण हे बंद असेल तर सगळेच बाहेर. दुसरी: बरोबर ईमेल, चुकीचा पासवर्ड, लॉगिन होता कामा नये, कारण पहिली केस तर सगळ्यांना आत सोडणारं पेजही पास करेल. तिसरी: पाच चुका आणि मग बरोबर पासवर्ड, नाकारला पाहिजे. ही तिसरी केस सगळ्यात शेवटी चालवायची. खातं लॉक झालं, की त्याच खात्यावर पुढची १५ मिनिटं पहिली केस पुन्हा चालवता येत नाही.